साइटवरची सही कुणाची, आणि ब्राउझर ती का मानतो?

एखादी साइट लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये व्यवस्थित उघडते. पत्त्याच्या सुरुवातीला https दिसतं, इशारा कसलाच नाही. त्याच साइटशी बोलणारं मोबाइल ॲप मात्र कनेक्शन सुरक्षित नसल्याचं सांगून थांबतं. तिसऱ्या कुणी लिनक्सच्या टर्मिनलवरून तोच पत्ता मागवला, तर उत्तर येतं:

```
curl: (60) SSL certificate problem:
unable to get local issuer certificate
```

सर्टिफिकेट तपासलं तर मुदत शिल्लक आहे, साइटचं नाव बरोबर आहे, देणारी संस्थाही नावाजलेली आहे. तरी एक यंत्र होकार देतं आणि दुसरं नकार.

अशा वेळी मदत केंद्रावरून हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'Advanced वर जा आणि Proceed दाबा.' हा सल्ला घातक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणी खरोखरच मध्ये बसून तुमचं बोलणं ऐकत असेल, तेव्हाही ब्राउझर हाच पडदा दाखवतो. तो डोळे मिटून ओलांडायची सवय लोकांना लागली, तर खऱ्या धोक्याच्या दिवशीही तेच बटण दाबलं जाणार.

वरच्या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं: सर्व्हरने स्वतःचं सर्टिफिकेट पाठवलं, पण त्यावर सही करणाऱ्या मधल्या संस्थेचं पाठवलं नाही. हा मधला दुवा म्हणजे काय, तो का असतो आणि ज्याचं नावही आपण ऐकलेलं नसतं अशा संस्थेची सही ब्राउझर का मानतो, ते आता सुरुवातीपासून पाहू.

## सर्टिफिकेटमध्ये असतं काय

प्रत्येक सुरक्षित साइटकडे किल्ल्यांची एक जोडी असते. त्यातली खासगी किल्ली सर्व्हरच्या बाहेर कधी जाऊ द्यायची नसते. सार्वजनिक किल्ली कुणालाही दिली तरी चालते. खासगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने तपासता येते, पण सार्वजनिक किल्ली हाती असली म्हणून तशी सही करता येत नाही. पुढचं सगळं या एका गुणधर्मावर उभं आहे.

आता अडचण अशी, की सार्वजनिक किल्ली कुणीही बनवू शकतं. 'ही माझ्या बँकेच्या साइटची किल्ली' असं सांगत कुणीही आपली किल्ली पुढे करेल. म्हणून किल्ली आणि साइटचं नाव एकत्र बांधणारा एक दस्तऐवज लागतो. त्यालाच सर्टिफिकेट म्हणतात. त्यात साइटचं नाव असतं, तिची सार्वजनिक किल्ली असते, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते चालेल हे असतं, कुणी दिलं त्या संस्थेचं नाव असतं आणि शेवटी त्या संस्थेची सही असते.

ही सही चित्रासारखी नसते. संस्था सर्टिफिकेटचा सगळा मजकूर एका गणिती प्रक्रियेतून काढते आणि त्याचा छोटासा ठसा तयार करते. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. या ठशावर ती आपल्या खासगी किल्लीने सही करते. ब्राउझर तोच ठसा स्वतः पुन्हा काढतो आणि संस्थेच्या सार्वजनिक किल्लीने सही जुळते का, ते पाहतो. मधे कुणी साइटचं नाव किंवा तारीख बदलली असेल, तर सही जुळणार नाही.

पण ती संस्थेची सार्वजनिक किल्ली ब्राउझरने आणायची कुठून? ती खरी आहे हे कशावरून?

## तहसीलदाराची सही आपण कशी मानतो

मुंबईतल्या एखाद्या कॉलेजच्या कारकुनासमोर गडचिरोलीच्या तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला येतो. कारकुनाने त्या तहसीलदारांना कधी पाहिलेलं नसतं. तरी तो दाखला घेतो, कारण त्या व्यक्तीला शासनाने तहसीलदार नेमलं आहे आणि शासनाला तो मानतो. हवं असेल तर नेमणुकीचा आदेश मागवून तो खात्री करू शकतो. मुख्य सचिव प्रत्येक दाखल्यावर सही करत नाहीत. ते सही करण्याचा अधिकार देतात. आणि ज्याला दाखला मिळाला, त्याला त्या दाखल्याच्या जोरावर शेजाऱ्याला दाखला देता येत नाही.

इथे शासनाच्या जागी रूट संस्था आहे, तहसीलदाराच्या जागी तिने अधिकार दिलेलं इंटरमिजिएट म्हणजे मधलं सर्टिफिकेट आहे आणि दाखल्याच्या जागी साइटचं सर्टिफिकेट.

## एक साखळी प्रत्यक्ष चालून पाहू

समजा एका छोट्या प्रकाशकाच्या साइटने लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून मोफत मिळणारं सर्टिफिकेट घेतलं आहे. त्यावर सही आहे R11 या नावाची. R11 हे लेट्स एन्क्रिप्टने 2024 साली बनवलेल्या अनेक इंटरमिजिएटपैकी एक, आणि ISRG Root X1 हे तिचं रूट. साखळी अशी दिसते:

```
www.example.org   <- R11
R11               <- ISRG Root X1
ISRG Root X1      <- ISRG Root X1
```

डावीकडे सर्टिफिकेट कुणाचं, उजवीकडे त्यावर सही कुणाची. साइट उघडताना सर्व्हर ब्राउझरकडे पहिली दोन सर्टिफिकेटं पाठवतो. ब्राउझर साइटचं सर्टिफिकेट वाचतो. पत्त्यात टाइप केलेलं नाव त्यात आहे का आणि आजची तारीख मुदतीत बसते का, हे आधी बघतो. मग 'देणारा' या रकान्यात R11 दिसतं. R11 चं सर्टिफिकेट सर्व्हरने सोबत दिलेलंच आहे. ब्राउझर त्यातली सार्वजनिक किल्ली घेतो आणि साइटच्या सर्टिफिकेटवरची सही तपासतो. सही जुळली.

पण एवढ्याने काही सिद्ध होत नाही. R11 चं सर्टिफिकेट त्याच सर्व्हरने दिलं आहे आणि सर्व्हरवर तर अजून विश्वास बसलेलाच नाही. म्हणून ब्राउझर एक पायरी वर जातो. R11 च्या सर्टिफिकेटवर सही आहे ISRG Root X1 ची. हे नाव ब्राउझर सर्व्हरला विचारत नाही. तो स्वतःजवळची यादी उघडतो. तिथे ISRG Root X1 चं सर्टिफिकेट आधीपासून ठेवलेलं असतं. त्यातल्या किल्लीने R11 वरची सही तपासली, ती जुळली आणि साखळी पूर्ण झाली. कमी वेळात आटोपणारं काम आहे हे; पान उघडताना ते आपल्याला जाणवतही नाही.

शेवटच्या ओळीत ISRG Root X1 ने स्वतःवरच सही केलेली दिसते. या सहीला पुरावा म्हणून काही किंमत नाही. स्वतःवर सही केलेलं सर्टिफिकेट कुणीही घरी बसून बनवेल. रूटवर विश्वास आहे तो केवळ ते यादीत आहे म्हणून.

ही यादी ठरवतं कोण? मोझिला, ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल हे चौघं आपापल्या याद्या सांभाळतात. फायरफॉक्स मोझिलाची यादी वापरतो. क्रोम पूर्वी ज्या यंत्रावर चालतो तिथल्या यादीवर अवलंबून असायचा. 2022 पासून विंडोज आणि मॅकवर त्याने स्वतःची यादी वापरायला सुरुवात केली. यादीत यायचं तर संस्थेला बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते आणि कामाची पद्धत जाहीर करावी लागते. नियम मोडले तर नाव काढलं जातं.

म्हणजे शीर्षकातल्या प्रश्नाचं थेट उत्तर असं: ब्राउझर R11 ला ओळखत नाही. तो ISRG Root X1 ला ओळखतो आणि त्या रूटने R11 ला लिहून दिलेला अधिकार तपासतो. विश्वास वरून खाली येतो, तपासणी खालून वर जाते.

## रूटनेच थेट सही का करू नये?

साखळीतला एक दुवा कमी झाला तर चुकायची एक जागा कमी होईल, असं वाटणं साहजिक आहे. पण रूटची किल्ली ही बदलायला सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि मधला दुवा आला तो तिला जपण्यासाठी.

रूटचं सर्टिफिकेट जगभरच्या फोन, लॅपटॉप आणि टीव्हींमध्ये साठवलेलं असतं. ते नव्याने पोहोचवायला वर्षं लागतात. ISRG Root X1 चंच उदाहरण घ्या. ते 2015 साली तयार झालं. सगळ्या मोठ्या याद्यांमध्ये त्याचं नाव यायला 2018 चा ऑगस्ट उजाडला. यादीत नाव आलं तरी जे फोन कधी अपडेट होत नाहीत, त्यांच्यात ते पोहोचतच नाही, अँड्रॉइडच्या 7.1.1 च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये ते नाही. त्या काळात लेट्स एन्क्रिप्टचं काम चाललं ते आयडेनट्रस्ट या जुन्या संस्थेमुळे. तिचं रूट सगळीकडे आधीच पोहोचलेलं होतं आणि त्या रूटने लेट्स एन्क्रिप्टच्या इंटरमिजिएटवर सही करून दिली होती. नवख्या संस्थेला पहिल्या दिवसापासून उभं राहता आलं, ते मधल्या दुव्यावर कुणाचीही सही घेता येते म्हणून.

आता कल्पना करा की अशी रूटची किल्ली चोरीला गेली. प्रत्येक यंत्रातून ते रूट काढावं लागेल, आणि त्या रूटखालच्या लाखो साइटी एकदम बंद पडतील. म्हणून ही किल्ली इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर ठेवतच नाहीत. ती एका खास उपकरणात असते. किल्ली त्या उपकरणातच जन्मते आणि उघड्या स्वरूपात बाहेर पडत नाही. उपकरण कुलूपबंद खोलीत असतं. ते चालू करायला एकाहून अधिक माणसं एकत्र यावी लागतात, आणि काय काय केलं याची नोंद राहते. वर्षांतून अगदी मोजक्या वेळा, नव्या इंटरमिजिएटवर सही करण्यासारख्या कामांपुरतं ते बाहेर काढलं जातं.

दर मिनिटाला सर्टिफिकेटं द्यायचं काम अशा किल्लीकडून होणार नाही. त्यासाठी नेटवर्कला जोडलेली, अहोरात्र चालणारी किल्ली लागते. म्हणजेच तिला धोका अधिक. तो धोका इंटरमिजिएट घेतं. R11 ची मुदत तीन वर्षांची, रूटची वीस. R11 बिघडलं तर ते एकटं रद्द करता येतं आणि रूट आपल्या जागी राहतं. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट संस्था यांनी मिळून केलेल्या नियमांतही हे आता बंधनकारक आहे: रूटच्या किल्लीने साइटच्या सर्टिफिकेटवर थेट सही करायची नाही.

## मग मीही पुढे सही करू शकेन का?

माझ्या साइटचं सर्टिफिकेट खरं आहे, त्याची साखळी रूटपर्यंत पोहोचते आणि त्याची खासगी किल्ली माझ्याकडे आहे. त्या किल्लीने मी दुसऱ्या एखाद्या बँकेच्या नावाच्या सर्टिफिकेटवर सही केली, तर साखळी अशी होईल: बँक, वर मी, वर R11, वर रूट. सगळ्या सह्या गणिताने जुळतील.

हे अडवण्यासाठी सर्टिफिकेटमध्ये एक छोटी नोंद असते. openssl या साधनाने सर्टिफिकेट उघडलं की ती दिसते. R11 मध्ये ती अशी आहे:

```
X509v3 Basic Constraints: critical
    CA:TRUE, pathlen:0
```

CA:TRUE म्हणजे याला दुसऱ्यांना सर्टिफिकेट देण्याचा अधिकार आहे. pathlen:0 म्हणजे हा अधिकार साइटींना सर्टिफिकेट देण्यापुरताच. आपल्या खाली आणखी एक इंटरमिजिएट नेमता येणार नाही. माझ्या साइटच्या सर्टिफिकेटमध्ये इथे CA:FALSE असतं. ही नोंद रूटच्या किंवा इंटरमिजिएटच्या सहीखाली असल्यामुळे मला ती बदलता येत नाही.

पण ती नोंद असणं पुरेसं नाही, ब्राउझरने ती वाचायलाही हवी. 2002 साली मॉक्सी मार्लिनस्पाइक या संशोधकाने दाखवून दिलं की इंटरनेट एक्सप्लोरर ती वाचतच नाही. कुठल्याही साइटचं साधं सर्टिफिकेट हाताशी असलेला माणूस कुठल्याही बँकेच्या नावाने सही करू शकत होता आणि ब्राउझर ते निमूट मानत होता. मायक्रोसॉफ्टने ती चूक दुरुस्त केली. नऊ वर्षांनी, 2011 मध्ये, तीच चूक आयफोनमध्ये सापडली आणि ॲपलने iOS 4.3.5 मध्ये ती सुधारली. सह्या जुळणं आणि अधिकार असणं या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. साखळी सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अनुभवी लोकांच्याही हातून दुसरी सुटलेली आहे.

## लॅपटॉपवर चालतं, ॲपमध्ये का नाही?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. साखळीतलं रूट यंत्राजवळ असतं, म्हणून ते पाठवायची गरज नाही. इंटरमिजिएट मात्र सर्व्हरने पाठवायचं, असा नियम आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्याने ते लावलंच नाही, तर ब्राउझरच्या हातात फक्त साइटचं सर्टिफिकेट पडतं. त्यावर R11 ची सही आहे, पण R11 ची किल्ली जवळ नाही आणि यादीत R11 नाही. साखळी पहिल्याच पायरीवर तुटली.

तरी लॅपटॉपवर साइट उघडते, कारण मोठे ब्राउझर ही उणीव स्वतः भरून काढतात. साइटच्या सर्टिफिकेटमध्ये बहुधा एक पत्ता लिहिलेला असतो: 'माझ्यावर सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट इथे मिळेल.' क्रोम, एज आणि सफारी त्या पत्त्यावर जाऊन ते आणू शकतात. फायरफॉक्स तसं आणत नाही. तो 2020 पासून जाहीर झालेली इंटरमिजिएट सर्टिफिकेटं आधीच उतरवून ठेवतो. curl किंवा अँड्रॉइड ॲपमधली नेहमीची लायब्ररी यातलं सहसा काहीच करत नाही. दिलं तेवढ्यावर ती निर्णय घेते आणि नकार देते. खरं तर नियमाप्रमाणे वागते ती हीच. चूक सर्व्हरची असते आणि ब्राउझरच्या मदतीमुळे ती झाकली जाते. म्हणूनच साइट बनवणाऱ्याच्या लॅपटॉपवर सगळं छान दिसतं आणि तक्रार ॲप वापरणाऱ्यांकडून येते.

ओळखायचं कसं? एका आज्ञेचं काम आहे:

```
openssl s_client -connect www.example.org:443 \
  -servername www.example.org -showcerts
```

उत्तरात 'Certificate chain' खाली सर्व्हरने पाठवलेली सर्टिफिकेटं 0, 1 अशा क्रमांकांनी दिसतात. फक्त 0 दिसलं आणि शेवटी 'unable to verify the first certificate' आलं, तर मधला दुवा गायब आहे. लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं आपोआप आणणारं सर्टबॉट हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडून ही चूक एका ठरावीक जागी होते. ते एका फोल्डरमध्ये इतर फायलींसोबत cert.pem आणि fullchain.pem या दोन फायली ठेवतं. पहिलीत फक्त साइटचं सर्टिफिकेट असतं, दुसरीत साइटचं आणि त्याखाली इंटरमिजिएट. nginx या वेब सर्व्हरला दुसरी द्यायची:

```
ssl_certificate     .../fullchain.pem;
ssl_certificate_key .../privkey.pem;
```

विकत घेतलेल्या सर्टिफिकेटसोबत बऱ्याचदा इंटरमिजिएटची वेगळी फाइल येते. तिचा मजकूर साइटच्या सर्टिफिकेटखाली जोडायचा. क्रम उलटा झाला तर nginx सुरूच होत नाही. दर नूतनीकरणाला हे नव्याने बघावं लागतं, कारण मधल्या काळात संस्थेने इंटरमिजिएट बदललेलं असू शकतं. जुनी फाइल तशीच ठेवून फक्त वरचं सर्टिफिकेट बदललं की साखळी पुन्हा तुटते. हा प्रसंग आता वरचेवर येणार आहे: साइटच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत 398 दिवसांवरून 15 मार्च 2026 पासून 200, 2027 च्या मार्चपासून 100 आणि 2029 च्या मार्चपासून 47 दिवसांवर आणायचं ठरलं आहे. हाताने फायली चिकटवायचे दिवस त्यामुळे संपत आले आहेत.

## मधली संस्थाच बिघडली तर?

ही शंका सर्वांत गंभीर आहे, आणि तिचं उदाहरण भारतातच घडलं आहे.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली सीसीए, म्हणजे प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक, हे रूट चालवतात. त्यांच्या खाली अधिकार दिलेल्या संस्थांपैकी एक होतं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी. एनआयसीकडे काही इंटरमिजिएट होती. सीसीएचं रूट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, म्हणून विंडोजवर इंटरनेट एक्सप्लोरर आणि क्रोम दोघंही ही साखळी मानत.

2 जुलै 2014 रोजी गूगलच्या लक्षात आलं की एनआयसीच्या इंटरमिजिएटखाली गूगलच्या नावांची सर्टिफिकेटं निघाली आहेत, आणि ती गूगलने मागितलेली नाहीत. दुसऱ्याच दिवशी सीसीएने एनआयसीची सगळी इंटरमिजिएट रद्द केली. पुढे सीसीएने कळवलं की एनआयसीची सर्टिफिकेट देण्याची यंत्रणा कुणीतरी फोडली होती आणि चार खोटी सर्टिफिकेटं निघाली: तीन गूगलच्या नावांची, एक याहूच्या. गूगलचं म्हणणं होतं की या चारांबाहेरचीही खोटी सर्टिफिकेटं आपल्याला माहीत आहेत, तेव्हा घुसखोरी किती खोल गेली ते सांगता येत नाही.

या प्रकरणात साखळीचा दुबळेपणा आणि बळ दोन्ही एकत्र दिसतात. दुबळेपणा असा, की एरवी कुठलंही इंटरमिजिएट जगातल्या कुठल्याही साइटच्या नावावर सही करू शकतं. भारत सरकारच्या कामासाठी असलेल्या दुव्याने गूगलच्या नावावर सही केली आणि गणिताच्या दृष्टीने ती सही खरी होती. एका तहसीलदाराने दुसऱ्या जिल्ह्यातला दाखला दिला आणि कुणीही हद्द विचारली नाही, असा हा प्रकार. बळ असं, की रूट न हलवता मधला दुवा कापता आला. क्रोमकडे रद्द झालेल्या दुव्यांची एक छोटी यादी असते. ती नव्या आवृत्तीची वाट न पाहता ब्राउझरमध्ये पोहोचते. त्याच मार्गाने हे दुवे बंद झाले. फायरफॉक्सच्या यादीत सीसीएचं रूट नव्हतंच, त्यामुळे त्याला बाधा पोहोचली नाही.

किंमत मात्र निरपराधांनीही मोजली. इंटरमिजिएट रद्द झालं की त्याखालची चांगली सर्टिफिकेटंही त्याच क्षणी निकामी होतात. त्या सगळ्या साइटींना नवी घ्यावीच लागतात.

त्यानंतर गूगलने हद्द आखून दिली. क्रोममध्ये सीसीएच्या रूटला फक्त gov.in, nic.in, ac.in अशा सात नावांखालच्या साइटींपुरतीच मान्यता ठेवली, त्यात rbi.org.in हेही होतं. माझ्या मते हद्द आखून देण्याची ही पद्धत अजूनही फार कमी वापरली जाते. सरकारी किंवा एका उद्योगापुरत्या मर्यादित रूटला सगळ्या जगाच्या नावांवर सहीचा अधिकार असण्याचं काही कारण नाही.

## खोटी सही झालीच, तर कळणार कसं?

2014 मध्ये ते कळलं गूगलच्या स्वतःच्या नजरेमुळे. लहान साइटीच्या नावाने असं झालं असतं तर बहुधा कुणाच्या ध्यानात आलं नसतं. म्हणून प्रत्येक नवं सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत लिहिलं जावं, असा नियम पुढे आला. या वह्यांमध्ये भर घालता येते, खोडता येत नाही. 30 एप्रिल 2018 नंतर सार्वजनिक संस्थेने दिलेलं सर्टिफिकेट अशा वहीत नोंदवल्याचा पुरावा सोबत नसेल, तर क्रोम ते नाकारतो, साखळी कितीही निर्दोष असली तरी.

साखळीतून काय कळत नाही, तेही सांगितलं पाहिजे. समोरचा माणूस प्रामाणिक आहे का, हे त्यातून कळत नाही. बँकेच्या नावात एक अक्षर बदलून कुणी साइट काढली, तर त्या बदललेल्या नावाचं खरंखुरं सर्टिफिकेट त्याला मिळतं आणि साखळी रूटपर्यंत व्यवस्थित जुळते. ब्राउझर सांगतो ते इतकंच, की पत्त्यात जे नाव आहे त्याच नावाच्या मालकाशी तुम्ही बोलत आहात.

दुसरी मर्यादा यादीची. काही कार्यालयं आपल्या लॅपटॉपच्या यादीत स्वतःचं रूट घालून ठेवतात. मग कार्यालयाचं उपकरण मध्ये बसून प्रत्येक साइटच्या नावाचं नवं सर्टिफिकेट जागच्या जागी बनवतं आणि ब्राउझर कुरकुर करत नाही. काही अँटिव्हायरसही हेच करतात. हे ओळखता येतं. क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर, मग 'Connection is secure' वर, मग 'Certificate is valid' वर जा. 'Details' मध्ये साखळी उतरंडीसारखी दिसते. सर्वांत वर एखाद्या ओळखीच्या सार्वजनिक संस्थेच्या ऐवजी तुमच्या कंपनीचं किंवा अँटिव्हायरसचं नाव असेल, तर तुमचा मजकूर वाटेत उघडला जातो आहे.

आणि तुमची स्वतःची साइट असेल, तर या नोंदवह्यांमध्ये शोध घेऊ देणाऱ्या crt.sh या साइटवर तिचं नाव टाका. त्या नावासाठी आजवर निघालेली नोंदवहीतली सर्टिफिकेटं आणि प्रत्येकावर कुठल्या इंटरमिजिएटची सही आहे, ते तिथे ओळीने दिसतं. तुम्ही कधी न घेतलेल्या संस्थेचं नाव दिसलं, तर आधी होस्टिंग कंपनीला विचारा, कारण बऱ्याचदा तिनेच ते परस्पर घेतलेलं असतं. तिनेही घेतलं नसेल, तर सही करणाऱ्या संस्थेला कळवा. अशी तक्रार आली की 24 तासांच्या आत चौकशी करून प्राथमिक उत्तर देणं तिला बंधनकारक आहे.